चार बॅटऱ्या पॅरललमध्ये: चार्जिंग असमान का होतं आणि जुन्यांत एक नवी का घालू नये

प्रश्न: १२ व्होल्ट १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या इन्व्हर्टरला पॅरललमध्ये जोडल्या आहेत, तीन वर्षं झाली. इन्व्हर्टरजवळच्या बॅटरीतलं पाणी सगळ्यांत आधी संपायचं आणि शेवटची कायम अर्धवट चार्ज असायची. आता पहिली पूर्ण बसली. फक्त तेवढी एक नवी घेऊन तिच्या जागी जोडली तर चालेल का? आणि वायरिंगमध्ये काय चुकलं असेल?

उत्तर:

सगळ्यांत आधी, बसलेली बॅटरी अजून जोडलेली असेल तर ती आजच सोडवा. कारण पुढे येईलच. नवी एकटी घेऊ नका, आणि काहीही घेण्याआधी वायरिंग बदला. तसं केलं नाही तर त्या जागी ठेवलेली कुठलीही बॅटरी याच क्रमाने जाईल.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून इन्व्हर्टरच्या प्लस आणि मायनस या दोन्ही जाड वायरी पहिल्याच बॅटरीवर आहेत आणि तिथून पुढे छोट्या लिंक वायरींनी दुसरी, तिसरी, चौथी जोडली आहे, असं धरून चालतो. बहुतेक ठिकाणी असंच असतं, कारण वायर कमी लागते आणि दिसायलाही नीट दिसतं.

यात बिघडतं काय ते आकड्यांत बघू. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध साधारण ६ मिलिओहम धरा. १६ स्क्वेअर एमएमची फूटभर लिंक वायर, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले तांब्याचे लग आणि त्यांचे जोड मिळून अर्धा मिलिओहम होतो. अर्धा मिलिओहम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण ज्याच्याशी तुलना करायची तो बॅटरीचा रोधच फक्त ६ आहे, आणि दर टप्प्याला प्लसची एक आणि मायनसची एक अशा दोन लिंक लागतात. म्हणजे दर टप्प्याला १ मिलिओहम वाढतो. शिवाय पहिल्या टप्प्याच्या लिंकमधून मागच्या तिन्ही बॅटऱ्यांचा प्रवाह जातो, त्यामुळे व्होल्टेजची घट तिथेच सगळ्यांत जास्त होते. १०० अँपिअर लोडचा हिशोब केला तर वाटणी अशी होते: पहिली ३६.७ अँपिअर, दुसरी २६.२, तिसरी २०, चौथी १७.१. चारही बॅटऱ्या अगदी एकसारख्या आणि नव्या असल्या तरी पहिलीवर चौथीच्या दुपटीहून जास्त ताण येतो.

चार्जिंगलाही हेच प्रमाण लागू पडतं. ६० अँपिअरने चार्ज करताना पहिलीला २२ अँपिअर मिळतात, चौथीला १०. त्या वेळी दोघींच्या टर्मिनलवरच्या व्होल्टेजमध्ये फरक असतो फक्त ०.०७ व्होल्टचा. साध्या मीटरने घाईत मोजलं तर तो लक्षातही येत नाही. म्हणून ‘चारही बॅटऱ्यांवर व्होल्टेज सारखंच दिसतं, म्हणजे वायरिंग बरोबर आहे’ हा निष्कर्ष चुकतो. वायरिंग तपासायची तर प्रत्येक बॅटरीचा प्रवाह मोजावा लागतो.

आता याची दुसरी बाजू, कारण हा विषय सांगताना ती बहुतेक वेळा वगळली जाते. लेड-ॲसिड बॅटरी स्वतःला काही प्रमाणात सावरून घेते. पहिली जास्त रिकामी झाली की तिचं व्होल्टेज उतरतं आणि बाकीच्या जास्त भार उचलू लागतात. लोड बंद झाल्यावर बॅटऱ्या आपापसांत थोडी देवाणघेवाणही करतात. चार्जिंगच्या शेवटी प्रवाह कमी झाला की लिंकमधली घटही नाहीशी होते आणि चौथीलाही पूर्ण व्होल्टेज मिळतं. तेव्हा चार्जिंगला पुरेसा वेळ मिळत असेल तर वाईट वायरिंगवरही बँक, म्हणजे एकत्र जोडलेला बॅटऱ्यांचा संच, बरीच वर्षं चालते. वेळ अपुरा पडला की खरी अडचण सुरू होते. पहिली लवकर भरते आणि बाकीच्या भरेपर्यंत बूस्टच्या, म्हणजे भरताना दिल्या जाणाऱ्या चढ्या व्होल्टेजवर गॅस सोडत बसते, म्हणून तिचं पाणी आधी संपतं. चौथी भरायच्या आतच चार्जर फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी फक्त टिकवून धरणाऱ्या कमी व्होल्टेजवर जातो किंवा वीज जाते. रोज थोडी राहून गेलेली चार्जिंग प्लेटवर सल्फेट म्हणून साठते आणि काही महिन्यांत ते सल्फेट कडक होतं. तुमची दोन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत.

दुरुस्तीचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे इन्व्हर्टरची मायनस वायर पहिल्या बॅटरीवरून काढून शेवटच्या बॅटरीवर लावणे. प्लस पहिलीवरच राहू द्यायची. याला तिरपी जोडणी म्हणतात. आता पहिलीला प्लसकडून रस्ता जवळचा आणि मायनसकडून लांबचा, चौथीला बरोबर उलट. वरच्याच आकड्यांनी वाटणी होते २६.९, २३.१, २३.१, २६.९. चार बॅटऱ्यांसाठी एवढं पुरतं. फक्त लिंक वायरी सगळ्या एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या हव्यात. मायनसची मुख्य वायर लांबवावी लागली तर जोड देऊ नका, अखंड नवी वायर घ्या.

नव्याने सगळं करणार असाल तर बसबार घ्या. प्लसला एक आणि मायनसला एक अशा दोन तांब्याच्या पट्ट्या, २५ बाय ५ मिलिमीटर. अशा पट्टीचा ३० सेंटीमीटरचा रोध मिलिओहमच्या विसाव्या भागापेक्षाही कमी असतो, म्हणून पट्टीवर वायर कुठे लावली याने जवळजवळ फरक पडत नाही. तरी प्लसची मुख्य वायर एका टोकाला आणि मायनसची विरुद्ध टोकाला ठेवावी. प्रत्येक बॅटरीपासून पट्टीपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर आणा आणि आठही वायरी तंतोतंत एका लांबीच्या कापा. लांबी ठरवते ती पट्टीपासून सगळ्यांत दूरची बॅटरी. तिला ७० सेंटीमीटर लागत असतील तर अगदी चिकटून असलेल्या बॅटरीलाही ७० सेंटीमीटरच द्यायची. इथे वायर वाचवायचा मोह फार होतो, आणि त्या एका वायरीने बाकीच्या मेहनतीवर पाणी पडतं.

जाड वायरीपेक्षाही जास्त घोळ लगच्या जोडांत असतो. एका बॅटरीच्या जोडात फक्त २ मिलिओहम वाढले तर १०० अँपिअरपैकी तिच्या वाट्याला २० येतात आणि बाकीच्या प्रत्येकीला २६.७. बसबार अचूक असूनही चार्जिंग पुन्हा असमान! म्हणून लग हातोडीने ठोकून बसवू नका, षटकोनी डायच्या क्रिंपिंग टूलने दाबा. टर्मिनल शिसं चमकेपर्यंत घासा. लगचा तांब्याचा भाग थेट टर्मिनलच्या शिशावर टेकला पाहिजे, वॉशर लगच्या वर येतो. लग आणि टर्मिनलच्या मध्ये स्टीलचा वॉशर घातलेला बरेचदा सापडतो, तो काढून टाका. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. शिसं दाबाखाली हळूहळू बसतं, म्हणून आठवडाभराने पुन्हा एकदा पाना फिरवा, पण बेताने, कारण जास्त आवळल्याने टर्मिनलच बुडातून हलतं.

तपासणीसाठी डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. फक्त एसी मोजणारा स्वस्त क्लॅम्प इथे शून्य दाखवेल. बँकेवर ५० अँपिअर किंवा जास्त लोड द्या आणि प्रत्येक बॅटरीच्या वायरीवर क्लॅम्प लावून आकडे लिहून घ्या. चारही आकडे सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. एखादा बाहेर गेला तर तशाच लोडवर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा, एक टोक टर्मिनलच्या शिशावर टेकवा आणि दुसरं लगच्या नळीवर. चांगल्या जोडावर २५ अँपिअरला फार तर ५ मिलिव्होल्ट दिसावेत. वर सांगितलेला २ मिलिओहमचा खराब जोड बँकेवर १०० अँपिअर लोड असताना ४० मिलिव्होल्ट दाखवेल. सगळे जोड ठीक असूनही एका बॅटरीचा प्रवाह कमी असेल तर दोष त्या बॅटरीतच आहे.

प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर स्वतंत्र फ्यूजही हवा, फक्त मुख्य वायरीवर नाही. एका बॅटरीत किंवा तिच्या वायरीत शॉर्ट झाला तर बाकीच्या तिघी मिळून तिच्यात प्रवाह ओततात, आणि तो इन्व्हर्टरच्या मुख्य फ्यूजमधून जातच नाही. १२.७ व्होल्टला ६ मिलिओहमने भागलं तर एका बॅटरीचा शॉर्ट प्रवाह २००० अँपिअरच्या वर जातो, तिघींचा ६००० च्या वर. फ्यूजवर ८० अँपिअर लिहिलंय एवढं बघून चालत नाही, तो हा शॉर्ट प्रवाह तोडू शकतो का हे त्याच्या माहितीपत्रकात बघावं लागतं. १०० अँपिअर लोडच्या बँकेला आणि २५ स्क्वेअर एमएमच्या वायरीला ८० अँपिअर ठीक. चारही फ्यूज एकाच बनावटीचे आणि एकाच रेटिंगचे घ्या, कारण फ्यूजलाही स्वतःचा रोध असतो.

आता जुनी-नवी. यावर एक सरसकट वाक्य ऐकायला मिळतं की जुनी बॅटरी नवीला खाते. ते अर्धंच खरं आहे. डिस्चार्जमध्ये पॅरललची जोडणी बरीच क्षमाशील असते. तुमच्या उरलेल्या तीन बॅटऱ्यांची क्षमता ९० एएचपर्यंत उतरली आहे आणि रोध १० मिलिओहमपर्यंत चढला आहे असं समजा. नवी १५० एएच, ६ मिलिओहम. १०० अँपिअरवर नवी सुमारे ३६ देईल आणि जुन्या प्रत्येकी २१. प्रत्येकीच्या क्षमतेशी ताडून पाहिलं तर चौघींवर जवळजवळ सारखाच भार आहे. नवी जास्त राबते, पण तिची ताकदही जास्त आहे. प्रत्यक्षात रोध आणि क्षमता इतक्या नेमक्या प्रमाणात बदलत नाहीत, तरी डिस्चार्जने नवी बॅटरी लगेच मरत नाही. सिरीजमध्ये मात्र हे अजिबात चालत नाही. तिथे सगळ्यांतून एकच प्रवाह जातो आणि कमजोर बॅटरी रिकामी झाल्यावरही तिच्यातून तो ओढलाच जातो.

पॅरललमध्ये खरा त्रास चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात होतो. चार्जर चौघींना मिळून एकच व्होल्टेज देतो आणि चौघींचा मिळून एकच प्रवाह बघतो. कोण भरली आणि कोण नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. जुन्या ट्यूब्युलर बॅटरीत पॉझिटिव्ह जाळीतलं अँटिमनी निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसलेलं असतं. त्यामुळे तिथे गॅस कमी व्होल्टेजला सुटायला लागतो आणि भरल्यानंतरही ती बॅटरी नवीच्या कित्येक पट प्रवाह ओढत राहते. हा प्रवाह साठवणीत जात नाही, पाणी फोडण्यात आणि उष्णतेत जातो. समजा चार्जर ८ अँपिअरवर आल्यावर फ्लोटला जायचा आहे आणि तीन जुन्या मिळूनच ९ ओढत आहेत. तो फ्लोटला जातच नाही. नवी केव्हाच भरलेली असते, पण १४.४ व्होल्टवर तासन्‌तास उभी राहते. तिच्या पॉझिटिव्ह जाळीला गंज धरतो, पाणी संपतं, आणि वर्ष-दोन वर्षांत ती जुन्यांच्या वयाला पोचते.

चार्जर प्रवाह न बघता ठरलेल्या वेळाने फ्लोटला जात असेल तर उलटं होतं. सल्फेट झालेल्या जुन्या बॅटऱ्या चार्ज सावकाश स्वीकारतात. नवी वेळेत भरते, जुन्या राहून जातात, आणि उरलेली क्षमताही घसरते. म्हणजे एक सेटिंग नवीला मारतं आणि दुसरं जुन्यांना. दोघींना मानवेल असं सेटिंग नसतं, हीच मिसळण्याची मूळ अडचण आहे. मोठी बॅटरी आणि छोटी बॅटरी एकाच वयाची, एकाच प्रकारची असेल तर त्या मिश्रणापेक्षा हे मिश्रण जास्त वाईट.

आता सुरुवातीचं कारण. जुन्या बॅटरीतला एक सेल शॉर्ट झाला की ती पाच सेलची उरते. पाच सेल पूर्ण भरलेले असताना मिळून १०.६ व्होल्ट होतात, आणि शेजारच्या बॅटऱ्या तिला १२.७ व्होल्टवर धरून ठेवतात. म्हणजे चार्जर बंद असतानाही प्रत्येक उरलेल्या सेलवर २.५४ व्होल्ट. निरोगी सेलला बूस्टमध्येसुद्धा २.४ मिळतात! चार्जर १४.४ वर गेला की हाच आकडा २.८८ होतो. ती बॅटरी उकळल्यासारखी गॅस सोडते, तापते, आणि शेजारणींना रात्रभर रिकामं करते. ओळखायची खूण सोपी: लोड आणि चार्जर दोन्ही बंद असताना एकच बॅटरी हाताला कोमट लागते. सोडवून काही तास ठेवली तर तिचं व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येतं आणि हायड्रोमीटर एका सेलला फार खाली दाखवतो. सोडवताना आधी चार्जर बंद करा, खोली मोकळी हवेशीर होऊ द्या, मग मायनस आधी काढा. नुकत्याच गॅस सोडलेल्या बॅटरीवर ठिणगी पाडायची नाही.

तुमच्या बाबतीत पुढचं काम असं. उरलेल्या तिन्ही बॅटऱ्या वेगळ्या करा, डिस्टिल्ड वॉटर पातळीला आणा आणि एकेकीला १५ अँपिअरने पूर्ण चार्ज करा, म्हणजे हायड्रोमीटरवर ॲसिडची ग्रॅव्हिटी दोन तास ओळीने वाढणं थांबेपर्यंत. ग्रॅव्हिटी कंपनीच्या लेबलवरच्या आकड्याशी ताडा. ट्यूब्युलरमध्ये ती सहसा १.२४० च्या आसपास असते. एका बॅटरीच्या सहा सेलमध्ये ०.०३० हून जास्त फरक राहिला तर ती बॅटरी बँकेत परत घेऊ नका. मग रात्रभर विश्रांती देऊन प्रत्येकीवर १५ अँपिअरचा स्थिर लोड लावा आणि १०.८ व्होल्टला येईपर्यंतचे तास मोजा. सहा तास चालली तर क्षमता ९० एएच. या चाचणीनंतर बॅटरी लगेच पूर्ण चार्ज करा, रिकामी ठेवू नका.

तिघींचे आकडे एकमेकींच्या १० टक्क्यांच्या आत आले तर तिघींचीच बँक करा, तिरप्या जोडणीने. चार्जरचा प्रवाह लेबलवरच्या ४५० एएचवर नाही, मोजलेल्या क्षमतेवर ठेवा. तिघी मिळून २७० एएच असतील तर २७ ते ३० अँपिअर पुरेत. बॅकअप कमी पडत असेल तर चार्जिंगच्या वेळेशी न खेळता लोड कमी करा. तिघी थकल्या की चारही एकदम घ्या: एकच कंपनी, एकच मॉडेल, उत्पादनाचा महिना शक्य तितका जवळचा. नवी आत्ता घ्यायचीच असेल तर तिला स्वतःचा चार्जर द्या आणि चेंजओव्हर स्विचवर वेगळी ठेवा, जुन्यांशी कायमची बांधू नका. बँक अजून सहा-आठ महिन्यांचीच असती आणि बाकीच्या बॅटऱ्या ९० टक्क्यांवर असत्या, तर एक बदललेली चालली असती. तीन वर्षांनंतर नाही.

कोणत्याही बॅटऱ्या पॅरलल करण्याआधी त्या सगळ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवा. सकाळी व्होल्टेजमधला फरक ०.१ च्या आत असेल तरच जोडा. १२.७ ची आणि १२.१ ची बॅटरी सरळ जोडली तर त्यांच्यामध्ये फक्त १३ मिलिओहम असतात आणि पहिल्या क्षणी सुमारे ४६ अँपिअर धावतात. तो झटका काही सेकंदांत ओसरतो, पण लग लावताना ठिणगी पडायला तेवढा पुरतो.

इन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर २४ किंवा ४८ व्होल्टचा घ्या. चार बॅटऱ्या ४८ व्होल्टवर सरळ सिरीजमध्ये जातात, पॅरललचा प्रश्नच उरत नाही आणि प्रवाह चौथाई होतो. मात्र त्या चारही एकाच दिवशी घेतलेल्या, एकसारख्याच हव्यात. लिथियम बॅटऱ्यांना वरचे वायरिंगचे नियम जास्तच कडकपणे लागू होतात, कारण त्यांचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं आणि लेड-ॲसिडसारखी आपोआप सावरून घेण्याची सोय तिथे फारशी नसते. एकीच्या संरक्षक सर्किटने तिला बंद केलं की तिचा भार उरलेल्यांवर पडतो आणि मग त्याही एकामागोमाग बंद होतात.